संत्रा मातृवृक्षाची ग्रीनिंग चाचणी : ‘निगेटिव्ह’ अहवाल कधी खरा मानावा?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांच्या ‘स्वच्छ रोप कार्यक्रमा’ला मंजुरी दिली. त्यातील लिंबूवर्गीय फळांचे एक केंद्र नागपूरला आहे. त्यामुळे विदर्भातील रोपवाटिकाधारकांना पुढील काळात मातृवृक्षाची पीसीआर चाचणी नेहमीची होईल. कलमासाठी डोळे ज्या झाडावरून घ्यायचे, त्या झाडात ग्रीनिंगचा जिवाणू असेल तर एका झाडावरून हजारो कलमे रोगट निघतात. अशा वेळी अहवालावरचा ‘निगेटिव्ह’ हा शब्द कशाच्या आधारावर लिहिला आहे, हे पाहायला हवे.

ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. म्हणून प्रयोगशाळेत पानाचे पाते नव्हे, तर देठ आणि मध्यशीर घेतात. साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम शिरा बारीक चिरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटतात आणि सीटॅब नावाच्या द्रावणात ६५ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवतात. त्यात पेशी फुटून डीएनए बाहेर येतो. पुढे क्लोरोफॉर्म मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की प्रथिने व इतर कचरा खाली आणि मधल्या थरात राहतो. वरचे पाणी अलगद काढून घेतात. त्यात आयसोप्रोपेनॉल घातल्यावर डीएनए साकळून तळाला बसतो. तो ७० टक्के इथेनॉलने धुऊन, वाळवून पाण्यात विरघळवतात.

गडबड होते ती इथेच. लिंबूवर्गीय पानांत, विशेषतः जून पानांत, फिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर असतात. वरचे पाणी काढताना पिपेटचे टोक मधल्या थराला लागले, धुणे घाईत उरकले किंवा इथेनॉल पुरते उडाले नाही, तर हे पदार्थ डीएनएबरोबर नळीत येतात. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारे विकर त्यांच्यामुळे मंदावते किंवा बंद पडते. जिवाणू नळीत असूनही यंत्र काही दाखवत नाही. बाहेरून पाहता हा निकाल आणि निरोगी झाडाचा निकाल अगदी सारखाच दिसतो.

हा फरक उघड करण्यासाठी अंतर्गत नियंत्रक असतो. ग्रीनिंगच्या प्रचलित रिअल-टाइम पीसीआरमध्ये त्याच नळीत झाडाचे स्वतःचे ‘कॉक्स’ जनुकही तपासतात. संत्र्याच्या पानात ते असणारच. म्हणजे ते वेळेवर दिसले नाही, तर दोष झाडाचा नाही, नमुन्याच्या किंवा डीएनएच्या तयारीचा आहे.

एक उदाहरण घेऊ. सीटी म्हणजे कितव्या चक्रात संकेत दिसला तो आकडा. तो जितका कमी, तितका डीएनए जास्त. समजा, एका तुकडीत बहुतेक नमुन्यांचा कॉक्सचा सीटी १६ ते १८ आहे. एका झाडाचा मात्र २९ आला आणि ग्रीनिंगचा संकेत नाही. याला निगेटिव्ह म्हणता येत नाही. निकाल अवैध आहे. कारण दोनपैकी एक असू शकते : डीएनए कमी निघाला किंवा अडथळा आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे. तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवायचा. डीएनए फक्त कमी असेल, तर पातळ केल्यावर सीटी सुमारे ३.३ ने वाढून ३२ च्या पुढे जाईल. तो उलट २१ वर आला, तर अडथळा आणणारे पदार्थच पातळ झाले, हे सिद्ध होते. आणि याच वेळी ग्रीनिंगचा संकेत ३३ व्या चक्राला दिसला, तर पहिल्या निकालावर विसंबून आपण रोगट झाडाचेच डोळे वापरले असते.

याच्याही मर्यादा आहेत. झाडाचे जनुक नळीत मुबलक असते. त्यामुळे सौम्य अडथळ्यात कॉक्सचा सीटी एक-दोन चक्रांनीच सरकतो आणि मोजका जिवाणू तेवढ्यातही निसटू शकतो. म्हणून तुकडीतील इतर नमुन्यांशी तुलना हवी. नुसते ‘कॉक्स आला’ पुरेसे नाही. उलट ग्रीनिंगचा संकेत जोरदार असेल आणि कॉक्स दबला, तर निकाल पॉझिटिव्हच धरतात, कारण नळीतील सामग्री जिवाणूच्या प्रतींनीच संपवलेली असते. आणि जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. निरोगी फांदीचे पान पाठवले तर कॉक्स उत्तम येईल आणि रोग तरीही सुटेल. त्यासाठी झाडाच्या चारही बाजूंची, देठासह पाने घ्यावीत. ती ओली न ठेवता कागदात गुंडाळून, थंड डब्यात लवकर पोहोचवावीत. सडलेल्या पानातून चांगला डीएनए मिळत नाही.

अहवाल हाती आल्यावर ग्रीनिंगच्या रकान्याशेजारी कॉक्सचा सीटी छापला आहे का, ते पाहा. नसेल तर प्रयोगशाळेकडून तो आणि त्या तुकडीतील निरोगी नियंत्रक झाडाचा आकडा मागून घ्या. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर पातळ करून फेरचाचणी किंवा नवा नमुना होईपर्यंत त्या झाडाचे डोळे काढू नका.