जर्दा पांढरा का राहिला?

मागच्या ईदला आमच्या मुलुंडच्या घरात जर्दा झाला तो पांढरा. अगदी पांढराफेक नाही, पण जिथे केशराची काडी पडली होती तिच्याभोवती चार दाणे पिवळे आणि बाकी पातेलं दूधभातासारखं. वीसेक पाहुणे यायचे होते. अर्धा किलो भात, त्यात अर्धा ग्रॅम केशर घातलेलं, आणि रंग नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं की दुकानदाराने फसवलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली डबी पर्समध्ये टाकून मी तडक पाच रस्त्याकडच्या त्या सुकामेव्याच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर बोलायला नको ते बोलले. दुकानदार म्हातारे गृहस्थ. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. शेजारच्या चहावाल्याकडून काचेच्या ग्लासात गरम पाणी मागवलं, माझ्याच डबीतल्या पाच-सहा काड्या त्यात सोडल्या आणि म्हणाले, "बेटी, बस दहा मिनिटं." दहा मिनिटांनी पाणी सोनेरी झालं होतं. काड्या मात्र तशाच लालच्या लाल. मग त्यांनी विचारलं, "पाकात टाकलं होतंस ना, थेट?"

होय, थेट पाकातच टाकलं होतं. सासूबाईंच्या वहीत तसंच लिहिलंय, ‘पाकात केशर घालावे’. त्या स्वतः दुपारीच केशर वाटीत भिजत घालून ठेवायच्या. पण ते रोजचंच काम, त्यामुळे वहीत लिहायचं राहून गेलं. त्या आज असत्या तर एका वाक्यात सांगितलं असतं. मला मात्र दुकानात जाऊन माफी मागून शिकावं लागलं.

घरी येऊन मी तीन वाट्या मांडल्या. तुम्हीही एकदा करून बघा, एकूण साठ काड्यांचा खर्च आहे. एका वाटीत दोन चमचे कोमट पातळ तूप, दुसरीत दोन चमचे गरम दूध, तिसरीत दोन चमचे गरम पाणी, आणि प्रत्येकीत वीस काड्या. अर्ध्या तासाने पाण्याची वाटी गडद सोनेरी झाली. दूध पिवळं झालं, पण फिकं. तुपाला वास छान आला, रंग जवळजवळ काहीच नाही. मग त्याच तुपातल्या काड्या गाळून गरम पाण्यात टाकल्या, तर पाणी पिवळं व्हायला लागलं. म्हणजे रंग काडीतच होता, तुपाने तो सोडवून घेतला नव्हता.

याचं कारण असं. केशराचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा असतो त्याला क्रोसिन म्हणतात आणि ते पाण्यात विरघळतं, तुपा-तेलात नाही. वास देणारं द्रव्य वेगळं, त्याचं नाव सॅफ्रनल. ते स्निग्ध पदार्थात छान उतरतं, पण उष्णतेने उडूनही जातं. रंगाला पाणी आणि वेळ लागतो, वासाला थोडी स्निग्धता आणि कमी आच. दुधात पाणीही असतं आणि साय-स्निग्धताही, म्हणून पूर्वापार दूधच वापरात आलं.

मग पाकात काय बिघडलं? पाकातही पाणी असतंच की! पण एकतारी पाकात साखर इतकी असते की असलेलं पाणी ती स्वतःलाच बांधून ठेवते. काडीत शिरून रंग बाहेर काढायला मोकळं पाणी उरतच नाही. काडी पाकात मुरंब्यासारखी बसून राहते. माझ्या जर्द्यात नेमकं हेच झालं होतं. असं कुणाचं झालंच तर पाकात अर्धी वाटी उकळतं पाणी घालून अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा, रंग उतरेल. मग पाक पुन्हा हवा तेवढा आटवा. वास थोडा जाईल, पण ताट वाचेल.

आता यंदा केलेला जर्दा सांगते, तो चांगला झाला. अर्धा किलो सेला बासमती, चारशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम तूप आणि तेच अर्धा ग्रॅम केशर. अर्धा ग्रॅम म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास काड्या. एका फुलात तीनच काड्या निघतात आणि एका ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात, त्यामुळे ही डबी महाग का ते वेगळं सांगायला नको.

आधी तवा गरम करून गॅस बंद केला. केशर कागदाच्या घडीत ठेवून ती घडी तव्यावर अर्धा मिनिट ठेवली. आपल्या मुंबईच्या दमट हवेत काड्या मऊ पडतात आणि खलबत्त्यात कुटल्या जात नाहीत, नुसत्या चिकटतात. कुरकुरीत झाल्या की लगेच भुकटी होते. थेट तापल्या तव्यावर मात्र टाकू नका, पाच सेकंदांत करपतात आणि करपलेलं केशर कडू लागतं. भुकटी करताना त्या चारशे ग्रॅममधलीच चमचाभर साखर घातली, म्हणजे साखरेचे दाणे वाटायचं काम करतात आणि खलबत्त्याला चिकटलेलं केशरही वाया जात नाही.

ही भुकटी चार मोठे चमचे गरम पाण्यात घातली. पाणी किती गरम? कपातला चहा फुंकर न घालता पिता येईल एवढं. खळखळ उकळतं पाणी ओतलं की वास वाफेबरोबर घरभर जातो आणि जर्द्यात राहत नाही. वाटीवर बशी झाकून अर्धा तास ठेवली. काड्या न कुटता टाकल्या तर तास-दीड तास द्यावा.

तोपर्यंत भात लवंग-वेलची घालून पूर्ण शिजवून निथळला. बिर्याणीसारखी कणी ठेवू नका. साखर लागली की दाणा पुढे शिजत नाही, असलेलं पाणीही सोडतो आणि कडक होतो. साखर पेलाभर पाण्यात विरघळवली, गॅस बंद केला आणि केशराच्या पाण्यातला दोन-तृतीयांश भाग त्यात ढवळला. मग तुपावर लवंगा तडतडवून पाक आणि भात एकत्र केला आणि पाक जिरेपर्यंत मंद आचेवर ठेवला. उरलेल्या केशराच्या पाण्यात दोन चमचे कोमट दूध मिसळून ते दम द्यायच्या वेळी वरून इकडेतिकडे शिंपडलं. झाकण कणकेने बंद करून तव्यावर पंधरा मिनिटं दम. पहिल्या भागाने रंग दिला, दुसऱ्याने झाकण उघडताच येणारा तो वास.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. असा जर्दा लग्नातल्या डेगेसारखा भगवा-नारिंगी होत नाही, कारण तो रंग बहुतेक वेळा बाटलीतला असतो. केशराचा रंग पिवळा, आणि ‘जर्द’ या फारसी शब्दाचा अर्थही पिवळाच. मुलांनी पहिल्यांदा विचारलं, "अम्मी, रंग कमी का?" मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगून गप्प केलं. सगळे दाणे सारखे पिवळे न होता काही पांढरे, काही सोनेरी राहिले तरी मला तेच जास्त आवडतात.

फिरनी, खीर, शीरखुर्मा यांत पाण्याऐवजी दूध चालतं, कारण वेळ भरपूर असतो. पण तिथली चूक वेगळी, आपण केशर सुरुवातीलाच टाकून तासभर आटवत बसतो. केशर अर्धं पहिल्या उकळीनंतर, अर्धं गॅस बंद करताना. आमच्या शेजारच्या गुजराती बेन श्रीखंडाचं केशर आदल्या रात्री दोन चमचे कोमट दुधात भिजवून फ्रीजमध्ये ठेवतात. चक्का थंड असतो, त्यात काडी स्वतःहून रंग सोडणार नाही, म्हणून ही आगाऊ तयारी.

भाजायच्या पदार्थांत हेच जास्त सांभाळावं लागतं. शीरमाळ भाजताना ओव्हनच्या आचेत वरचा वास उडतो, म्हणून केशराचं अर्धं दूध पिठात मळा आणि अर्धं शीरमाळ बाहेर काढल्या काढल्या, गरम असतानाच ब्रशने लावा. नानखटाईचं दुखणं निराळं. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच, नुसतं तूप, साखर, मैदा. लोक काड्या तुपात फेटतात आणि खटाई पांढरीच निघते. पाव किलो मैद्याला वीस-पंचवीस काड्या साखरेबरोबर कुटून एक छोटा चमचा गरम पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मग तुपात फेटा. चमचा एकच. जास्त पाणी गेलं तर मैदा चिवट होतो आणि खटाई तोंडात विरघळत नाही.

केशर खरं की खोटं, ते मात्र पाण्यावरच ओळखावं. थंड पाण्यात टाकल्यावर खरी काडी हळूहळू पिवळा रंग सोडते आणि तासाभरानेही स्वतः लालच राहते. पाणी क्षणात लाल-नारिंगी झालं आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या शेतांत करडई असते, तिच्या वाळलेल्या पाकळ्याही केशर म्हणून खपवल्या जातात. खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं रुंदावलेलं असतं, पाकळीला ते नसतं. केशराची तयार भुकटी मी घेतच नाही, त्यात काय काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. काश्मिरी केशर घेतलंत तर मोंगरा आणि लच्छा असे दोन प्रकार विचारतील. लच्छ्याला पिवळी शेपटी असते. त्या शेपटीला रंग नसतो, पण वजनात ती मोजली जाते. स्वस्त वाटलं म्हणून लच्छा घेतलात, तर काड्या थोड्या जास्त घाला.

उरलेलं केशराचं पाणी झाकण घट्ट असलेल्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं की दोन दिवस टिकतं. दुधातलं त्याच दिवशी संपवा. कोरडी डबी उजेडापासून दूर, कपाटात ठेवा, गॅसच्या वरच्या फळीवर नको. मी वर्षभर तिथेच ठेवत होते.