बॅलन्सिंगआधी टायरवर हात फिरवा

गाडी ऐंशीच्या वेगाला थरथरू लागली की बहुतेक जण व्हील बॅलन्सिंग करून घेतात. हा क्रम चुकीचा आहे. आधी टायर तपासायला हवा. कारण काही वेळा थरथर वजनाच्या असमतोलाची नसते, टायर आतून सुटत असल्याची असते.

रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे रबरात चिकटवलेले असतात. कमी हवा, जादा भार, उष्णता आणि वय यांमुळे पट्ट्याच्या कडेचे रबर थकते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. त्या जागी नक्षी वर उचलली जाते. ताशी १०० किमी वेगाला साधारण मोटारीच्या टायरवरचे १०० ग्रॅम रबर सुमारे २६ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढले जाते. ५० च्या वेगाला हा जोर साडेसहा किलोच असतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून शहरात तग धरलेला टायर महामार्गावर सोलला जातो.

समजा, एका मोटारीचे स्टिअरिंग ८० ला थरथरले. बॅलन्सिंग झाले, पण पंधरा दिवसांत थरथर ६० वरच सुरू झाली आणि गाडी २० च्या वेगाला डुलू लागली. निव्वळ असमतोल एवढ्या कमी वेगाला सहसा जाणवत नाही आणि तो दिवसागणिक असा वाढतही नाही. अशा वेळी गाडी जॅकवर घ्यावी, नक्षीजवळ एक खडू स्थिर धरावा आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. एका ठिकाणी फट कमी होऊन रबर खडूला टेकले, तर तिथे उंचवटा आहे. चाकाचे नट सैल आहेत का, रिम वाकली आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

नक्षीवर उंचवटा किंवा बाजूच्या भिंतीवर फुगा दिसला, तर तो टायर संपला. भिंतीवरचा फुगा बहुधा खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटल्याचा असतो. त्याला पॅच लागत नाही आणि हवा कमी केल्याने तो अधिकच तापतो. असा टायर ‘हळू चालवू’ म्हणून वापरू नये, स्टेपनी म्हणूनही ठेवू नये. चांगली स्टेपनी नसेल तर गाडी टो करावी. भिंतीवरची उभी, उथळ खाच मात्र बहुधा धाग्यांच्या जोडाची असते. ती एरवी निरुपद्रवी असते. शंका असल्यास टायरवाल्याला दाखवावी.

बाहेर काहीच दिसत नसेल, तरी वाढती थरथर हा पुरावा धरावा. सुटण्याची सुरुवात आतून होते, फुगा नंतर येतो. धावत्या गाडीत ती अचानक वाढली, तर जोरात ब्रेक न दाबता स्टिअरिंग सरळ धरावे, अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि गाडी कडेला घ्यावी. पुढच्या टोलनाक्यापर्यंत जाऊ, हा विचार तिथेच सोडावा.