४२० सेंटीमीटरचा कंस

लातूर विभागीय मंडळातून, म्हणजे नांदेड, लातूर आणि धाराशिवमधून, दहावी होऊन अकरावी विज्ञानाला येणाऱ्या मुलांना वर्तुळपाकळी नवी नसते. दहावीच्या महत्त्वमापनात त्यांनी l = (θ/३६०) × २πr घोटलेले असते. अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात त्यांना s = rθ आणि A = ½r²θ भेटतात. अक्षर तेच θ, पण जुन्या सूत्रात ते अंशांचा आकडा असते आणि नव्यात रेडियनचा. जून-जुलैच्या सरावपत्रिकांत ही दोन सूत्रे एकमेकांत शिरतात. त्या तपासताना काय पाहावे, एवढ्यापुरतेच हे संपादकीय.

नेहमीचे उदाहरण घेऊ. त्रिज्या ७ सेंमी, केंद्रीय कोन ६०°. कंसाची लांबी आणि पाकळीचे क्षेत्रफळ काढा. π = २२/७ घेतले तर कंस २२/३ म्हणजे सुमारे ७.३३ सेंमी आणि क्षेत्रफळ ७७/३ म्हणजे सुमारे २५.६७ चौसेंमी. गठ्ठ्यात मात्र कंस ४२० सेंमी आणि क्षेत्रफळ १४७० चौसेंमी अशी उत्तरे हमखास सापडतात. (चारशेवीस या आकड्यावरचा विनोद वर्गात एकदा करून घ्यावा, मुलांना तो लक्षात राहतो.) अख्ख्या वर्तुळाचा परीघच ४४ सेंमी आणि क्षेत्रफळ १५४ चौसेंमी आहे, हे मुलाने पाहिले असते तर त्याने स्वतःच काट मारली असती.

पण तो पडताळा वेगळाच घेतो. दहावीतले A = lr/२ त्याला आठवते. ४२० ला ७ ने गुणून निम्मे केले की बरोबर १४७० येतात आणि तो निर्धास्त होतो. दोन्ही सूत्रांत θ एकाच चुकीने भरलेला असला, तर चूक दोन्हीकडे सारख्याच पटीत वाढते आणि हा पडताळा आंधळा होतो. एका सूत्रात रेडियन आणि दुसऱ्यात अंश असे झाले असेल, तरच तो ही चूक पकडतो.

त्याहून महत्त्वाचे असे की ४२० हे उत्तर दोन वाटांनी येते. एक मुलगा s = rθ लिहून सरळ ७ × ६० करतो. दुसरा ६० चे π/३ नीट करतो, ७ × π/३ लिहितो आणि पुढच्या ओळीत π च्या जागी १८० ठेवतो. शेवटची ओळ पाहून लाल पेन चालवला, तर दोघे एकच ठरतात. चार गुणांच्या या प्रश्नात पहिल्याला सूत्रांचे गुण द्यावेत, θ भरण्याचा एक गुण कापावा, आणि तीच चूक क्षेत्रफळात पुन्हा आली म्हणून दुसऱ्यांदा कापू नये. दुसऱ्याने रूपांतर बरोबर केले आहे, त्याचा गुण शेवटच्या आकडेमोडीत जाईल. गुण दोघांचे जवळपास सारखेच येतील, पण माझ्या मते दुसऱ्याचे दुखणे खोल आहे. पहिला एकक विसरला, तर दुसऱ्याच्या मनात π ही संख्याच ढळली आहे. २πr काढताना तो २२/७ घेतो आणि rθ काढताना १८०, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. याचा उगम बहुधा आपल्या फळ्यावर आहे. घाईत आपण ‘π = १८०’ लिहितो; लिहायला हवे ‘π रेडियन = १८०°’. अशा मुलाच्या कागदावर ‘एकक पाहा’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘या ओळीत π किती?’ असे त्या ओळीशेजारी लिहावे.

उलट घोटाळा कमी दिसतो, पण तो लपतो. कोन π/३ दिलेला असताना मूल त्यालाच ३६० ने भागते आणि कंस सुमारे ०.१३ सेंमी येतो. हे उत्तर परिघापेक्षा लहानच असल्याने परिघाची कसोटी इथे चालत नाही. तेव्हा त्रिज्येने मोजावे: साधारण ५७.३ अंशांच्या कोनासमोरचा कंस त्रिज्येएवढा असतो, म्हणून ६० अंशांचा कंस ७ सेंमीहून थोडा मोठाच हवा. आर्यभटाच्या ज्यासारणीतली ३४३८ ही त्रिज्या म्हणजे हेच ५७.३ अंश, कलांमध्ये मोजलेले. सरळ अंश भरले तर उत्तर साधारण ५७ पट फुगते, रेडियनला ३६० ने भागले तर तेवढेच आक्रसते. बरोबर उत्तराशी हे गुणोत्तर काढून पाहिले, की मधल्या ओळी नसलेल्या कागदावरही घोटाळ्याची दिशा कळते. पण ७ × ६० की π = १८०, हे मात्र मधल्या ओळीच सांगतात. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतल्या पर्यायी प्रश्नांच्या सरावात त्या ओळी शिक्षकापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून या प्रकरणाची निदान एक पत्रिका लेखी घ्यावी.

ती छापण्याआधी प्रश्नही तपासावा. ‘θ = ६०’ एवढेच छापले आणि अंशाचे चिन्ह गळाले, तर चिन्हाविना कोन रेडियनमध्येच धरण्याचा संकेत असल्याने ७ × ६० करणारा मुलगा नियमानेच चालला आहे. त्याचा गुण कापता येणार नाही.