भाऊजींचे कपाट

माझ्या धाकट्या दिरांना तांबड्या-हिरव्या रंगांतला भेद नीट कळत नाही. हा दोष जन्मजात. आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांतच अधिक आढळतो. निळा, पिवळा त्यांना छान ओळखतात, फिकट-गडदही कळते. घोळ होतो तो तपकिरी आणि हिरव्यात, फिकट गुलाबी आणि राखाडीत. घरी कोणीतरी ‘हा घाला’ म्हणून सांगे. पण यंदा त्यांची बदली नागपूरला झाली आणि ते म्हणाले, “वहिनी, रोज सकाळी शेजाऱ्याला सदरा दाखवायला जाऊ का?” विचारावे लागू नये, हीच त्यांची खरी इच्छा.

मग आम्ही बेत केला. पाटलोणी तीनच ठेवल्या: निळी १, राखाडी २, खाकी ३. प्रत्येकीच्या कमरपट्ट्यात आतून पांढऱ्या फितीचा तुकडा शिवून त्यावर काळ्या दोऱ्याने आकडा काढला. सदऱ्याच्या गळपट्टीत मात्र तो ज्या पाटलोणींवर शोभतो, ते सारे आकडे. पांढऱ्यावर १, २, ३; फिकट निळ्यावरही तेच; गुलाबीवर १, २; पोपटी सदऱ्यावर फक्त १. सदऱ्यावरचा आकडा पाटलोणीवर असला की जोडी जमली! चार सदरे, तीन पाटलोणी, आणि बिनधोक जोड्या नऊ. मोजे सगळे एकाच जातीचे, काळे. म्हणजे जोडी चुकायचा प्रश्नच नाही.

हँगरला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, तिच्यावर रंगाचे नाव आणि तेच आकडे. नाव अशासाठी, की कोणी “तुमचा तो गुलाबी सदरा” म्हटले तर कोणता ते त्यांना कळावे. पण भगिनींनो, केवळ हँगरवर विसंबू नका. कपडे परटाकडून येतात, कोणी भलत्याच हँगरला अडकवते, आणि चिठ्ठी खुशाल खोटे बोलू लागते. खरी खूण कपड्यावरच हवी. शाई धुण्यात फिकटते, दोरा टिकतो.

आकडे ठरवायचे ते दिवसाउजेडी, खिडकीपाशी. दिव्याखाली गडद निळा आणि काळा तुम्हा-आम्हालाही सारखेच दिसतात. दोन रंगीत कपडे एकावर एक नकोत, एक रंगीत तर दुसरा साधा. चौकटीचे कापड घेऊच नये असे नाही, पण तेही आकडा घालूनच कपाटात जावे. नवा कपडा बिनआकड्याचा आत गेला, की सारी व्यवस्था त्या दिवशीच मोडली म्हणून समजा.

दिवाळीसाठी त्यांनी स्वतः एक नेहरू सदरा आणला आहे. दुकानदार त्याला ‘मरून’ म्हणाला. भाऊजींना तो तपकिरी वाटतो. फितीवर मी २ घातला आहे आणि चिठ्ठीवर रंगाचे नाव लिहिले आहे. तो आवडला त्यांना. मग रंग कोणाला कसा का दिसेना!