ऑफर ३.६० लाखांची, हातात किती येणार?

रत्नागिरीत मार्केटिंग एक्झिक्युटिव्हसाठी ३.६० लाख सीटीसीची ऑफर आली, की महिन्याला ३० हजार मिळतील असे वाटते. समजा, त्यात ६० हजार इन्सेन्टिव्ह आणि महिन्याचे मूळ वेतन १५ हजार आहे. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून वर्षाला ३० हजार, तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर मिळून २४ हजार वजा होतात. टार्गेट पूर्ण होईपर्यंत हातात उरतात महिना साधारण साडेवीस हजार.

तुलनेला मुंबईचे आकडे घेऊ नका. याच पट्ट्यात फिरणाऱ्या दोघा-तिघांना हातात येणारा पगार आणि प्रवासभत्ता विचारा. चिपळूणला जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटर होतात. महिन्यात चार फेऱ्या झाल्या, तर दुचाकीला १६ लिटर पेट्रोल लागते.

बोलणी लेखी ऑफर आल्यावर, पण होकार आणि जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी करा. फिक्स्ड पगार वाढत नसेल, तर किलोमीटरमागे भत्ता आणि पहिले तीन महिने किमान इन्सेन्टिव्हची हमी मागा. नव्या भागात ग्राहक जुळायला वेळ लागतो, हे कंपनीलाही ठाऊक असते. ठरलेले ऑफर लेटरमध्ये आले नसेल, तर ते ठरलेच नाही असे समजा.