दुकान वाढवताना
मोर्शीतल्या एखाद्या किराणा दुकानाचा हिशोब घेऊ. इशानंतर गल्ला मोजला, रोकड जुळली. बिलबुकात ‘ऑनलाइन’ खूण केलेल्या बिलांची बेरीज ६,४३० रुपये. बँक खात्यात मात्र ६,७८० जमा. ३५० जास्त! हा नफा समजू नका. खात्यात ३५० ची रक्कम शोधा. ७.१२ ला एक, ७.१४ ला दुसरी. नाव एकच, बिलही एकच. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणून गिऱ्हाइकाने पुन्हा पाठवले असणार. दोन्हींचे बारा अंकी यूटीआर क्रमांक वेगळे असतील, तर पैसे खरोखर दोनदा आले. ही अमानत. वहीत त्याच्या नावाने वेगळी लिहा, आली त्याच खात्यात परत करा. उलट, बेरीज कमी भरली तर नुसता स्क्रीनशॉट पाहून माल दिलेली बिलं आधी तपासा.