चौकटीखालची कोरी पट्टी

या महिन्याचं सदर आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आहे, म्हणून यात ‘आम्ही’ म्हणजे नवरा-बायको. ज्या गोष्टी दोघांना वेगळ्या आठवतात, तिथे मुलं म्हणतात तसं ‘अब्बा’ आणि ‘अम्मी’ लिहू.

निकाहला सदतीस वर्षं झाली. आमच्या घरात लग्नाचा वाढदिवस कधी केला नाही. केक नाही, फुगे नाहीत. मुलांनाही ते माहीत आहे. म्हणून त्या दिवशी तिघंही आपापल्या गावाहून सांगलीला आली, तेव्हा कुणाच्या तरी साखरपुड्याची बातमी असेल असं आम्हाला वाटलं. मगरिबनंतर थोरल्या मुलीने कापडात गुंडाळलेली एक चौकट आमच्यापुढे ठेवली. आत आमचा निकाहनामा होता.

या कागदाची हकीकत सांगायला हवी. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. ट्रंक भिजली. त्यातला निकाहनामा आम्ही उन्हात वाळवला, तेव्हा तो घड्यांवर फाटून चार तुकडे झाले. आम्ही ते चिकटपट्टीने जोडले. चूक तिथेच झाली. दोन वर्षांत पट्टी पिवळी पडली, तिचा गोंद कागदात मुरला आणि साक्षीदारांच्या सह्यांवर तपकिरी डाग आले. नक्कल काढावी म्हटलं, तर काझींच्या दफ्तरातही तेच पाणी शिरलेलं. म्हणजे होता तो एवढाच.

सात-आठ महिन्यांपूर्वी मुलीने तो ‘पासपोर्टच्या कामाला लागतो’ म्हणून नेला होता. खोटं बोलली, अल्लाह माफ करो. पुण्यात जुन्या पोथ्या, कागदपत्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे तिने तो दिला. त्यांनी आधी शाईच्या एका कोपऱ्याला ओला कापूस टेकवून पाहिला. शाई कापसाला लागली, म्हणजे कागद पाण्यात घालता येणार नव्हता. चिकटपट्टी किंचित ऊब देऊन इंच-इंच सोडवली. मग मागच्या बाजूने अगदी पातळ, पण चिवट असा जपानी कागद गव्हाच्या खळीने लावला आणि टीपकागदात दाबून वाळवला. खळी का, तर पुढे कधी पुन्हा दुरुस्ती करायची झाली तर ती ओल देऊन काढता येते. लॅमिनेशनचं तसं नाही. त्यात कागद प्लॅस्टिकशी कायमचा वितळून बसतो. घरोघरी जुने निकाहनामे लॅमिनेट केलेले दिसतात म्हणून हे लिहिलं. डाग मात्र पूर्ण गेले नाहीत. मधोमध एक फिकट तपकिरी रेघ आहे, ती आता राहणारच.

चौकटीत आहे ती रंगीत प्रत. उजेडाने शाई उडते, म्हणून मूळ कागद मागच्या पाकिटात ठेवला आहे. चौकटीच्या खाली बोटभर रुंदीची कोरी पट्टी सोडलेली. धाकटा म्हणाला, “इथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. आम्हाला सुचलं नाही.”

आम्हाला तरी कुठे सुचतंय? पहिल्यांदा तर आम्ही नुसते बघत बसलो. वकील म्हणून अम्मींच्या मामूंची सही आहे, थरथरत्या हाताची. मामूंना जाऊन एकोणीस वर्षं झाली. एका साक्षीदाराचा अंगठा आहे, ते अब्बांचे शेजारी. त्यांना सही येत नव्हती, पण निकाहच्या दिवशी शेरवानी सगळ्यांत झोकदार त्यांचीच होती. अम्मींनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, परत काढला. अब्बा पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मुलांची शाळा मराठी, अब्बांचीही. उर्दू वाचता येतं ते अम्मींना. मुलं म्हणाली, वाचून दाखवा. अम्मी एकेक रकाना वाचत गेल्या आणि महरपाशी थांबल्या. ‘पाच हजार एक्कावन्न रुपये, मुवज्जल.’

कागद सदतीस वर्षं ट्रंकेत होता, पण असा मोठ्याने कुणी वाचलाच नव्हता. मुअज्जल आणि मुवज्जल. मराठी कानाला दोन्ही एकच वाटतात. उर्दूत लिहिताना एकात ऐन येतो, दुसऱ्यात वाव. पहिल्याचा अर्थ लगेच द्यायचा, दुसऱ्याचा अर्थ नंतर द्यायचा. आमच्या कागदावर वाव होता.

अब्बा म्हणाले, “ते तर तू पहिल्याच रात्री माफ केलं होतंस ना?”

खोलीत शांतता झाली. मग अम्मी म्हणाल्या, “तुमच्या फूफींनी मला सांगितलं होतं, म्हण माफ केलं. मी मान खाली घातली. बोलले नव्हते काही.”

अब्बांना हे खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते स्वतःला फिटलेले समजत होते. हे लिहिताना त्यांना संकोच वाटतो आहे, पण लिहा असं त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बांनी मस्जिदीत मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, महर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना महर खुशीने द्यायला सांगितलं आहे. बायकोने आपल्या राजीखुशीने त्यातलं काही सोडलं तर गोष्ट वेगळी. सासरच्या बायकांनी शिकवलेली मान डोलावणी म्हणजे राजीखुशी नव्हे. मुवज्जलला मुदत लिहिलेली नसेल तर लोक तलाक किंवा मौतीपर्यंत थांबतात, पण आधी द्यायला कोणतीच आडकाठी नाही. न देता नवरा गेला, तर वारसांत वाटणी होण्याआधी ती रक्कम त्याच्या मालमत्तेतून काढावी लागते. म्हणजे हे कर्ज मुलांच्या हाती गेलं असतं.

आणि रक्कम? 1988 साली दहा ग्रॅम सोनं तीन हजारांच्या आसपास होतं. त्या पैशांत सोळा-सतरा ग्रॅम आलं असतं. आज एक ग्रॅमही येत नाही. मौलाना म्हणाले, देणं कागदावर आहे तेवढंच. वर द्याल ती तुमची खुशी. आमच्या मुलीच्या निकाहात महर चांदीच्या तोळ्यांत लिहिला होता, तेव्हा अब्बांना तो नसता हट्ट वाटला होता. आता वाटत नाही.

बँक उघडल्यावर अब्बांनी पेन्शनमधून पैसे काढले. वर द्यायचं म्हणून पंधरा हजार आणले. अम्मींनी पाच हजार एक्कावन्न मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. “माझं एवढंच होतं,” म्हणाल्या. मुलांपैकी कुणीतरी थट्टेने म्हटलं, “अम्मी, आता तरी माफ करा.” अम्मी म्हणाल्या, “नाही. मला हवेत.” मग हसल्या आणि हसता हसता रडल्या. त्या पैशांचं पुढे काय केलं ते अब्बांनी विचारलेलं नाही.

राहिली ती पट्टी. पहिल्या मजकुरात शेर होता, तो खोडला. दुसऱ्यात मुलांचे आभार होते, ते वाचून धाकटा म्हणाला, “हे शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं वाटतंय.” शेवटी अब्बांनी शब्द सांगितले आणि अम्मींनी लिहिले. पेन्सिलने, कारण त्या पुण्याच्या बाईंनी तसंच सांगितलं होतं:

‘निकाह, सांगली, 1988. पाण्यात गेला होता, मुलांनी जोडून आणला. महर पोहोचला.’